वाचले नऊ हजार, मग खात्यात सात हजार कमी कसे?

*काका, आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सव समितीची मी यंदा खजिनदार आहे. वार्षिक सभेत प्रोजेक्टरवर जमाखर्च दाखवला. चौदा स्लाइड होत्या. बाराव्या स्लाइडवर ‘यंदाची बचत ₹ ९,८२०’ असं आलं आणि मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मोबाइलमधला गेल्या वर्षीच्या सभेचा फोटो काढला. तेव्हा शिल्लक ३२,६५० होती, यंदा २५,४७०. ‘बचत झाली म्हणता, मग सात हजार गेले कुठे?’ मी वही उघडून सांगायला लागले, तोवर सभा हातातून गेली होती. हिशोबात एका रुपयाची चूक नाही. वहीची प्रत आणि स्लाइड सोबत पाठवते. पंधरा दिवसांनी पुन्हा सभा बोलावली आहे. आता स्लाइड कशा करू?*

*— एक खजिनदार, इंदूर*

ताई,

वही पाहिली. बेरजा चोख आहेत. आजोबांचा प्रश्नही चोख आहे. तुमच्या चौदा स्लाइडमध्ये त्याचं उत्तर कुठेच नव्हतं, एवढंच झालं.

तुम्ही एकाच सभेत दोन वेगळे हिशोब दाखवलेत आणि त्यांना जोडणारी स्लाइड राहून गेली. एक हिशोब यंदाच्या उत्सवाचा: या उत्सवासाठी किती आलं, या उत्सवावर किती गेलं. दुसरा तिजोरीचा: वर्षाच्या सुरुवातीला हातात किती होते, आज किती आहेत. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात यांना उत्पन्न-खर्च खातं आणि प्राप्ती-शोधन खातं म्हणतात. सभेत ही नावं घेऊ नका, निम्मी मंडळी तिथेच मान फिरवतील. पण हे दोन आकडे सहसा सारखे येत नाहीत, हे खजिनदाराला पक्कं ठाऊक हवं. मांडववाल्याचं बिल कधी मार्च संपल्यावर दिलं जातं, ढोलपथकाला आगाऊ रक्कम आधीच पोचते, सभागृहाचं डिपॉझिट जातं आणि परत येतं. पैसा एका वर्षी हलतो आणि खर्च दुसऱ्या वर्षाचा असतो.

तुमच्या वहीत अशा तीन नोंदी आहेत. पान ७ वर गेल्या वर्षीच्या मांडवाचे राहिलेले १२,००० रुपये यंदा चुकते केलेत. पान १९ वर पुढच्या वर्षीच्या ढोलपथकाला ५,००० आगाऊ दिलेत. आणि सभागृहाचं १०,००० डिपॉझिट गणेश चतुर्थीच्या आधी भरलं, अनंत चतुर्दशीनंतर परत मिळालं. यंदाच्या उत्सवाच्या खर्चात तुम्ही यातलं काहीच धरलं नाहीत, ते अगदी योग्य. फक्त हे पैसे स्लाइडवर कुठेच दिसले नाहीत, म्हणून ते हरवल्यासारखे वाटले.

तेव्हा पहिलीच स्लाइड अशी करा:

गेल्या वर्षअखेरची शिल्लक: ३२,६५०
अधिक, यंदाच्या उत्सवासाठी जमा: २,१६,३७०
वजा, यंदाच्या उत्सवाचा खर्च: २,०६,५५०
वजा, गेल्या वर्षीच्या मांडवाचं राहिलेलं बिल: १२,०००
वजा, पुढच्या वर्षीच्या ढोलपथकाला आगाऊ: ५,०००
३१ मार्चची शिल्लक: २५,४७०
(बँकेत २४,२२० आणि रोख १,२५०)

स्लाइडवर एवढंच. डिपॉझिटसाठी तळाला एक ओळ पुरे: ‘सभागृहाचं डिपॉझिट १०,००० भरलं आणि पूर्ण परत मिळालं.’ ते जमेत आणि खर्चात दोन्हीकडे धरलंत तरी शिल्लक तीच येते. पण दोन्ही बेरजा दहा हजारांनी फुगतात, आणि मग जमेच्या स्लाइडवरचा आकडा या स्लाइडशी जुळत नाही. एका आकड्याची दोन रूपं पडद्यावर आली की लोक बाकी काही ऐकत नाहीत.

ही स्लाइड पहिलीच का? कारण सभेला आलेला माणूस एकच गोष्ट बघायला आलेला असतो: गेल्या वर्षी ऐकलेल्या आकड्यापासून यंदाच्या आकड्यापर्यंत वाट आहे की नाही. ती दिसली की पुढच्या स्लाइड तो निवांत बघतो. तुम्ही बाराव्या स्लाइडपर्यंत त्याला ताटकळत ठेवलंत.

दुसरी स्लाइड खास त्या आजोबांसाठी. खरं तर संपूर्ण सभेत हीच सर्वांत मोलाची ठरेल. दोन स्तंभ करा, गेलं वर्ष आणि हे वर्ष. वरच्या ओळीत हातातली शिल्लक: ३२,६५० आणि २५,४७०. त्याखाली, यातून लोकांचं देणं: १२,००० आणि शून्य. त्याखाली, आपण आधीच देऊन ठेवलेले: शून्य आणि ५,०००. शेवटच्या ओळीत, खरोखर समितीचे असलेले पैसे: २०,६५० आणि ३०,४७०. आता वजाबाकी करा. ९,८२० येतात. तुमच्या बाराव्या स्लाइडवरची बचत हीच.

म्हणजे गेल्या वर्षी दाखवलेल्या ३२,६५० मधले १२,००० समितीचे नव्हतेच, मांडववाल्याचे होते. तेव्हाच्या खजिनदारांनी ते सांगितलं नाही किंवा कुणी विचारलं नाही. आजोबांच्या फोटोतला आकडा खरा आहे, पण त्यातले बारा हजार दुसऱ्याचे. सभेत हे सांगताना जुन्या खजिनदारांकडे बोट जाणार नाही याची काळजी घ्या. ‘गेल्या वर्षी सभा झाली तेव्हा मांडवाचं एक बिल द्यायचं होतं’ एवढंच म्हणा. ते गृहस्थ सभेत बसलेले असतील आणि पुढे वर्षभर रोज जिन्यात भेटतील.

याच बिलामुळे आणखी एक घोळ झालाय, तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. नवव्या स्लाइडवर तुम्ही गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या खर्चाची तुलना केलीत. त्यात मांडव, प्रकाश आणि ध्वनी ५०,००० वरून ६८,००० वर गेलेले दिसतात. एका वर्षात अठरा हजारांची उडी. लोकांना वाटणार, मांडववाल्याशी समितीचं काहीतरी साटंलोटं आहे. पण गेल्या वर्षीचे ५०,००० म्हणजे तोवर दिलेले पैसे. खरा खर्च ६२,००० होता, कारण बारा हजार द्यायचे होते. खरी वाढ सहा हजारांची. म्हणून तुलनेच्या स्लाइडवर गेल्या वर्षीचा आकडा ६२,००० करा आणि खाली लिहा: ‘गेल्या सभेत ५०,००० दाखवले होते, १२,००० चं बिल नंतर दिलं.’ आकडा गुपचूप बदलू नका. ज्यांच्याकडे जुना फोटो आहे ते तो पुन्हा काढणार.

आता जमा. तुमची तिसरी स्लाइड मी मोठी करून वाचली. एकशेबारा घरांची नावं, प्रत्येकापुढे रक्कम, शेवटी लाल अक्षरात चौदा घरं ‘बाकी’. हे काढा. ज्याच्या घरी यंदा आजारपण झालं किंवा नोकरी गेली, त्याचं नाव भिंतीवर सहा फुटांत लाल रंगात दाखवायचा अधिकार समितीला कुणी दिला? १२६ पैकी ११२ घरांकडून वर्गणी आली, एवढी संख्या पुरेशी आहे. यादी वहीत आहे. ज्याला आपली नोंद बघायची त्याने सभेनंतर येऊन बघावी.

त्या जागी चार ओळी येऊ द्या. वर्गणी ११२ घरं गुणिले १,५०० म्हणजे १,६८,०००. देणग्या ४१,५००. आनंदमेळाव्यातल्या २० स्टॉलचं भाडं ६,०००. बँकेचं व्याज ८७०. बेरीज २,१६,३७०, पहिल्या स्लाइडवर आहे तीच. वर्गणीच्या ओळीखाली पावत्यांचा हिशोब द्या: पावती क्रमांक १ ते ११५, पैकी तीन रद्द. वहीत त्या तिन्ही रद्द पावत्यांच्या दोन्ही प्रती टाचून ठेवल्या आहेत, हे पाहून मला फार बरं वाटलं. तो फोटो स्लाइडवर नको, पण पावतीपुस्तक सभेत टेबलावर असू द्या. घरांची संख्या आणि पावत्यांची संख्या जुळते, ही गोष्ट कुठल्याही रंगीत आलेखापेक्षा जास्त बोलते.

देणग्यांबाबत एक सांभाळा. एका घराने महाप्रसादाची साखर आणून दिली, दुसऱ्याने फुलं दिली, असं वहीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं आहे. ते पैशांत धरू नका, अंदाजे किंमत लावू नका. ‘वस्तुरूपाने मिळालेलं’ अशी एक ओळ करून नुसत्या वस्तू लिहा. मात्र कुणी परस्पर हलवायाला पैसे दिले असतील तर ती रक्कम जमेतही घ्या आणि खर्चातही. नाहीतर महाप्रसाद यंदा स्वस्तात झाला असं दिसेल, आणि पुढच्या वर्षी तो दाता नसला की समितीने उधळपट्टी केली असं दिसेल.

खर्चाच्या स्लाइडवर तुम्ही गोल चकतीचा आलेख घातलाय, तोही त्रिमितीचा, सतरा तुकड्यांचा. त्रिमितीत चकती कलते आणि पुढच्या बाजूचे तुकडे आहेत त्याहून मोठे दिसतात. तुमच्या चकतीत किरकोळ खर्चाचा तुकडा पुढे आल्यामुळे विसर्जनाच्या खर्चाएवढा दिसतो. प्रत्यक्षात किरकोळ ८,३५० आहे आणि विसर्जन १४,५००. शिवाय सतरा रंगांची सूची बाजूला वाचून परत चकतीत रंग शोधायचा, हे साठीच्या माणसाला प्रोजेक्टरच्या उजेडात जमत नाही. आडवे पट्टे वापरा, सर्वांत मोठा खर्च वर, पट्टे शून्यापासून सुरू होणारे, आकडा पट्ट्याच्या टोकाला. सतरा बाबींच्या सहा करा: मांडव-प्रकाश-ध्वनी ६८,०००, महाप्रसाद ५७,२००, सांस्कृतिक कार्यक्रम आणि बक्षिसं ३३,९००, मूर्ती-पूजा-दक्षिणा २४,६००, विसर्जन १४,५००, किरकोळ ८,३५०. एकूण २,०६,५५०. प्रत्येकाच्या खाली गेल्या वर्षीचा फिका पट्टा. ‘किरकोळ’ कधीही शेवटून दुसऱ्या पट्ट्यापेक्षा मोठं होऊ देऊ नका. तसं झालं तर त्यातलं काहीतरी बाहेर काढून त्याला नाव द्यायची वेळ आली आहे.

प्रत्येक बाबीवर वेगळी स्लाइड करायचा मोह आवरा. ज्या एका खर्चावर प्रश्न येणार हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे, तेवढाच उलगडून दाखवा. तुमच्याकडे तो महाप्रसाद आहे. ४६,८०० वरून ५७,२००, म्हणजे १०,४०० ची वाढ. ‘महागाई’ असं एका शब्दात उत्तर देऊ नका, कारण ते निम्मंही खरं नाही. वहीत पानांची संख्या आहे: गेल्या वर्षी ४५० पानं, दर १०४ रुपये. यंदा ५२० पानं, दर ११०. वाढलेली सत्तर पानं जुन्या दराने ७,२८० ची. आणि दर सहा रुपयांनी वाढला, तो ५२० पानांवर ३,१२०. दोन्ही मिळून बरोबर १०,४००. स्लाइडवर दोनच वाक्यं लिहा: ‘७० माणसं जास्त जेवली, त्याचे ७,२८०. पान ६ रुपयांनी महागलं, त्याचे ३,१२०.’ यावर कुणी भांडत नाही. उलट चर्चा अशी होते की पाहुणे किती आणावेत, आणि ती चर्चा व्हायलाच हवी.

शेवटची स्लाइड निर्णयाची. तुम्ही तिथे ‘धन्यवाद’ आणि दोन जोडलेले हात ठेवले आहेत. त्या जागी लोकांकडून काय हवंय ते लिहा. तुमच्या वहीतून एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसते: यंदाचा खर्च वर्गणी देणाऱ्या ११२ घरांवर वाटला तर घरटी १,८४४ रुपये पडतात आणि आपण घेतो १,५००. उरलेले ३८,५५० देणग्यांनी आणि आनंदमेळाव्याने भरून काढले. देणग्यांच्या ४१,५०० मध्ये अर्ध्याहून जास्त रक्कम एकाच घराची आहे. ते घर पुढच्या वर्षी बदली होऊन गेलं तर? वर्गणी १,७०० केली तर ११२ घरांकडून १,९०,४०० येतात आणि तूट १६,१५० वर येते. हे तीन आकडे आणि प्रश्न: ‘१,५०० ठेवायची की १,७०० करायची?’ देणगीदाराचं नाव मात्र स्लाइडवर नको, रक्कमही वेगळी नको. ‘मोठी देणगी दरवर्षी मिळेलच असं नाही’ एवढ्यात समजणारे समजतात.

अशा सहा स्लाइड झाल्या. श्रींच्या फोटोची एक आधी लावा म्हणजे सात. फोटो तिथेच ठेवा. तुम्ही प्रत्येक तक्त्यामागे फिकट करून गणपती घातला आहे, त्याच्या मुकुटावर आलेले आकडे मला घरच्या स्क्रीनवरही वाचता आले नाहीत. आणि पांढऱ्यावर भगवा किंवा पिवळा अक्षरांसाठी वापरू नका. प्रोजेक्टरवर ते दोन्ही रंग विरघळून जातात, विशेषतः सकाळच्या सभेत खिडक्यांना पडदे नसले की. काळं किंवा गडद निळं अक्षर ठेवा, भगवा फक्त पट्ट्यांना.

अक्षर केवढं हवं हे घरीच तपासता येतं. सभागृहात शेवटची रांग पडद्यापासून तीस फुटांवर आहे आणि पडदा सहा फूट रुंद आहे असं धरा. म्हणजे शेवटचा माणूस पडद्याच्या रुंदीच्या पाचपट अंतरावर. चौदा इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण एक फूट रुंद असते. तेव्हा लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण उघडा आणि पाच फूट मागे उभ्या राहा. तिथून जे वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेलाही येणार नाही. घरात कुणी ज्येष्ठ असतील तर त्यांनाच उभं करा. बहुतेक वेळा २८ च्या खालचं अक्षर या परीक्षेत नापास होतं, आणि एका तक्त्यात सात-आठ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. मूळ एक्सेलचा स्क्रीनशॉट चिकटवायचा विषयच संपतो.

आपल्याकडे वसाहतीत निम्मी घरं हिंदी बोलणारी असतात. वर्गणीच्या खाली लहान अक्षरात ‘चंदा’ आणि शिलकेच्या खाली ‘शेष’ लिहा, काम भागतं. बोलताना दोन्ही भाषा आपोआप येतातच.

अक्षरांवरून आठवलं. तुमच्या चार स्लाइड कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या आहेत, माझ्या लॅपटॉपवर त्या इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडल्या. सभागृहातला लॅपटॉप दुसऱ्याचा असेल तर तिथेही हेच होईल. त्या ओळी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. विंडोजवर `Nirmala UI` हा फाँट सहसा असतोच. तरीही सभेला पीडीएफ घेऊन जा, त्यात फाँटची भानगडच राहत नाही.

एक्सेलमध्ये तुमचे आकडे २१६,३७० असे पडले आहेत. लाखाचा स्वल्पविराम चुकीच्या जागी असला की माणूस आकडा वाचायलाच थांबतो. आकड्यांचे रकाने निवडून `Ctrl+1` दाबा, `Number` मध्ये `Custom` निवडा आणि `Type` च्या चौकटीत हे लिहा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यातून २,१६,३७० असं पडेल (अंक इंग्रजीत राहिले तरी हरकत नाही). वजा चिन्ह असलेला लाखाचा आकडा मात्र यात सुधारत नाही, म्हणून खर्च अधिक चिन्हानेच ठेवा आणि ‘वजा’ हा शब्द शेजारच्या रकान्यात लिहा. पॉवरपॉइंटच्या तक्त्यात हाताने आकडे भरत असाल तर तिथे बेरीज आपोआप बदलत नाही हे लक्षात असू द्या. सभेच्या आदल्या रात्री वहीत दुरुस्ती झाली, स्लाइडवर एक ओळ बदलली, बेरीज जुनीच राहिली, असं होतं. शेवटी प्रत्येक स्लाइडची बेरीज कॅल्क्युलेटरवर करा, आणि ती तुम्ही नव्हे, समितीतल्या दुसऱ्या कुणी.

एक गंभीर गोष्ट. सभेनंतर तुम्ही ती पॉवरपॉइंटची फाइल वसाहतीच्या ग्रुपवर टाकलीत. एक्सेलमधून आलेख कॉपी करून `Embed Workbook` या पर्यायाने चिकटवला की नुसता आलेख जात नाही, मागची पूर्ण वर्कबुक जाते. तुमच्या पट्ट्यांच्या आलेखावर मी उजवी कळ दाबून `Edit Data` केलं, तर वर्गणीचं पान उघडलं, सगळ्यांची नावं आणि मोबाइल क्रमांकांसकट. पडद्यावर नावं दाखवली नसती तरी ती बाहेर गेलीच होती. ती फाइल आज ग्रुपवरून काढा. ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडची परत घेता येत नाही, पण नवे लोक तरी उघडणार नाहीत. पुढे आलेख चिकटवताना `Picture` निवडा, आणि ग्रुपवर कायम पीडीएफच टाका.

पहिल्या स्लाइडवरचा बँकेचा आकडा पासबुकाशी जुळवताना तारीख एकच धरा. ३१ मार्चची शिल्लक लिहून १२ एप्रिलचं पासबुक दाखवलं तर फरक येणारच. तारीख तीच असूनही फरक आला तर दिलेला एखादा चेक अजून वटला नाही का ते बघा. तुमच्या वहीत फुलवाल्याला २९ मार्चला दिलेला ३,२०० चा चेक आहे. तो एप्रिलमध्ये वटला असेल तर ३१ मार्चला पासबुकात २४,२२० ऐवजी २७,४२० दिसतील. तसं असेल तर शिलकेखाली एक ओळ लिहून टाका, प्रश्न यायच्या आधी. पासबुकाचा फोटो दाखवणार असाल तर खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाका. आणि समिती मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर तिकडे जाणाऱ्या हिशोबातले आणि पडद्यावरचे आकडे एकच आहेत ना, हे सभेआधी सचिवांकडून पाहून घ्या.

सभेच्या दिवशी पहिल्या दोन स्लाइडची एक पानी छापील प्रत मागच्या दोन रांगांना आधीच वाटा. आणि दुसरी स्लाइड लावलीत की बोलायचं थांबा. ३२,६५० मधून १२,००० वजा होताना लोकांना स्वतः बघू द्या. आजोबा बहुधा तिथेच पुढचा प्रश्न विचारतील की हे बिल गेल्या वर्षी का दिलं नव्हतं. मांडववाल्याने ते मार्च संपल्यावर पाठवलं, असं तुमच्या वहीत पान ७ वर त्याच्या बिलाची तारीख सांगते. पान उघडून ठेवा.